दोन तासांत पाच टक्के

[दृश्य: खानापूर, पावसाळी संध्याकाळ. लाईट गेलेली. खिडकीजवळ लॅपटॉप, त्याला केबलने जोडलेला फोन. फोनवर २० टक्के.]

पावसात लाईट गेली की लॅपटॉप हीच घरातली पॉवर बँक. फोन त्याला जोडायचा आणि त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉपवरचं काम उरकायचं. दोन तासांनी बघावं तर २० चे जेमतेम २५ टक्के झालेले. मग केबलला नाहीतर बॅटरीला दोष दिला जातो. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात.

[दृश्य: सोललेली यूएसबी केबल, चार तारा.]

साध्या यूएसबी केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन माहितीच्या. भिंतीवरच्या साध्या चार्जरमध्ये माहितीच्या दोन तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. फोन हे तपासतो आणि समजतो, हा चार्जर आहे, इथून दीड अँपियरपर्यंत घ्यायला हरकत नाही. लॅपटॉपच्या नेहमीच्या पोर्टवर मात्र त्या तारांच्या पलीकडे कॉम्प्युटर असतो. तिथे आधी ओळख, मग परवानगी. यूएसबी २.० पोर्टवर परवानगी मिळेपर्यंत १०० मिलिअँपियर, नंतर जास्तीत जास्त ५००. यूएसबी ३.० वर ही मर्यादा ९००.

आता हिशेब करू. ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपियर म्हणजे अडीच वॅट. काही उष्णतेत जाऊन बॅटरीच्या वाट्याला दोनेक वॅट येतात. ५००० मिलिअँपियर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे फोन नुसता पडून राहिला तरी पूर्ण भरायला साडेनऊ तास. त्यात हॉटस्पॉट आणि स्क्रीन मिळून दीड वॅट खात असतील, तर उरतो अर्धा वॅट. दोन तासांत एक वॅट-तास, म्हणजेच ते पाच टक्के.

[दृश्य: स्क्रीन बंद, हॉटस्पॉट बंद. घड्याळाचे काटे पुढे सरकतात.]

हॉटस्पॉट आणि स्क्रीन बंद ठेवली, तर त्याच दोन तासांत वीसेक टक्के चढतात. पोर्ट निवडतानाही फरक पडतो. शेजारी बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असलेला पोर्ट असेल तर आधी तो घ्या. असे पोर्ट बहुधा जास्त करंट देतात, आणि लॅपटॉप झोपवल्यावरही बरेचदा चालू राहतात. काही लॅपटॉपचे टाइप-सी पोर्ट ५ व्होल्टवर ३ अँपियर, म्हणजे १५ वॅटपर्यंत देतात. सगळेच देत नाहीत.

बाजारात फक्त चार्जिंगसाठीच्या केबलही मिळतात. त्यांतल्या काहींमध्ये फोनच्या बाजूला माहितीच्या तारा जोडून ठेवलेल्या असतात. फोन फसतो, लॅपटॉपला चार्जर समजून जास्त करंट ओढायला लागतो. पोर्ट दणकट असला तर चालून जातं. नसला तर व्होल्टेज पडतं, चार्जिंगचं चिन्ह येतं-जातं, किंवा लॅपटॉप स्वतःला वाचवायला तो पोर्टच बंद करतो.