टोळांना म्होरक्या नसतो
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजच्या विषयात दोन प्रश्न आहेत. गर्दीने टोळाचं शरीर आणि वागणं कसं बदलतं, हा एक. आणि मुळात टोळ थवा का करतात, हा दुसरा. पत्रिकेवर दुसरा ठळक छापलाय, पण मी पहिल्यापासून सुरू करणार. आयोजकांनी माफ करावं.

आधी एक जुनं दुखणं सांगून टाकतो. एका वाहिनीवर चर्चेला बोलावलं होतं. मागे पडद्यावर थवा उडतोय, खाली लाल पट्टी धावतेय, आणि निवेदकाने पहिलाच प्रश्न टाकला, "सर, या टोळीचा म्होरक्या कोण?" मी म्हटलं, म्होरक्या नसतो. "मग आदेश कोण देतं?" मी म्हटलं, मागच्या पायाची मांडी. त्यांना वाटलं मी टिंगल करतोय, आणि लगेच जाहिराती लागल्या. तुम्ही जाहिराती लावू शकत नाही, त्यामुळे मांडीची गोष्ट आज पूर्ण ऐकावी लागेल.

टोळ म्हणजे नाकतोडाच. नाकतोड्यांच्या हजारो जातींपैकी जेमतेम वीसेक जातींना ही खोड आहे. बाकीच्या कितीही दाटीवाटीने ठेवा, त्या नाकतोडेच राहतात. मी बोलणार आहे वाळवंटी टोळाबद्दल, शिस्टोसर्का ग्रेगारिया. हा एकटा वाढला तर लाजाळू प्राणी. पिल्लू हिरवट, गवतात दिसेनासं होणारं. मोठा झाला की मातकट, आणि उडायचं तर रात्री. दुसरा टोळ दिसला की वाट बदलतो. गर्दीत वाढलेलं पिल्लू मात्र पिवळंधमक, अंगावर काळे डाग. ते मोठं झालं की आधी गुलाबी होतं, वयात आलं की पिवळं, आणि उडतं दिवसाढवळ्या. डोक्याच्या मानाने मांडी आखूड, मांडीच्या मानाने पंख लांब. शरीर एकांड्यापेक्षा लहान, पण मेंदू सुमारे तीस टक्क्यांनी मोठा. (तिसऱ्या रांगेतले गृहस्थ हसताहेत. गर्दीत राहून माणसाचा मेंदू वाढतो असा पुरावा अजून मिळालेला नाही.)

ही दोन रूपं इतकी वेगळी की स्थलांतरी टोळाच्या बाबतीत, म्हणजे लोकस्टाच्या, शास्त्रज्ञांनी त्यांना दोन वेगळ्या जाती ठरवून वेगवेगळी नावं दिली होती. थव्यातल्याची पाठ मानेमागे खोगिरासारखी खोलगट, एकांड्याची उंचवट्याची. 1921 मध्ये बोरिस उवारोव्ह यांनी मांडलं की ही एकाच जातीची दोन रूपं आहेत. एक थवा ओसरला आणि पुढचा यायचा होता, त्या मधल्या वर्षांत टोळ जातात कुठे, हे कोडं त्यामुळे सुटलं. ते कुठेही जात नाहीत. तिथेच असतात, नाकतोड्याच्या वेषात.

आता मांडी. एकट्याने वाढवलेला टोळ घ्या. त्याला एका आयताकृती पेटीच्या मधोमध सोडा. पेटीच्या एका टोकाला भोकं पाडलेल्या पारदर्शक भिंतीआड टोळांची गर्दी, दुसऱ्या टोकाला तशीच भिंत, पण मागे काही नाही. एकांडा टोळ अंग जमिनीलगत ठेवून हळूहळू सरकतो आणि शक्यतो रिकाम्या बाजूला जातो. थव्यातला असेल तर अंग उचलून भराभर चालतो आणि थेट गर्दीकडे. या चाचणीने टोळ किती 'थवाळ' झालाय ते मोजता येतं. एकांड्याला गर्दीत टाकलं तर चारेक तासांत तो थवाळ वागू लागतो. रंग अजून तोच, शरीर तेच. फक्त वागणं बदललेलं.

पण गर्दीतली नेमकी कुठली गोष्ट हे करते? दिसणं, वास की धक्काबुक्की? नुसतं दाखवून काम होत नाही, नुसत्या वासानेही नाही. दोन्ही एकत्र दिले तर होतं. आणि स्पर्श एकटाच पुरतो. मग स्टीफन सिम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बारीक रंगाचा कुंचला घेतला आणि एकेका टोळाच्या एकेका अवयवाला गुदगुल्या केल्या. मिनिटातून पाच सेकंद, असं चार तास. संशोधनासाठी चिकाटी लागते म्हणतात, ती ही. तोंडाला लावा, मिशांना लावा, पोटाला लावा, ढिम्म. मागच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला लावला, आणि आयुष्यात दुसरा टोळ न पाहिलेला तो प्राणी गर्दीकडे चालू लागला! 2001 मध्ये हे छापून आलं. खाताना शेजाऱ्याला खेटलं की घासते ती हीच जागा.

पुढे 2009 मध्ये कळलं की मांडीवरून गेलेल्या संदेशाने छातीतल्या चेतागंडांत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींत, सेरोटोनिन हे रसायन काही तासांपुरतं तिपटीच्या आसपास वाढतं. औषधाने त्याची क्रिया रोखली तर गर्दीत ठेवूनही टोळ बदलत नाही. उलट ते बाहेरून दिलं तर एकटा बसलेलाही थवाळ होतो. सेरोटोनिन म्हटलं की सगळ्यांना आनंद आठवतो. टोळ आनंदी होतो की नाही, हे मला विचारू नका.

वागण्याचा बदल तासांचा, शरीराचा मात्र हप्त्यांनी. पिल्लाचा रंग कात टाकताना बदलतो, बांधा पूर्ण बदलायला पिढ्या लागतात. गर्दीत राहिलेली मादी अंडी कमी घालते पण मोठी, आणि पिल्लं बाहेर येतानाच काळपट असतात. म्हणजे आईची गर्दी पोराच्या अंगावर दिसते. त्या भडक रंगालाही कारण आहे. थवाळ पिल्लं विषारी झुडपंही खातात, जी एकांडी टाळतात. पोटात विष असलं की पिवळा-काळा रंग पक्ष्यांना बजावतो, खाऊ नका.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. म्हणजे ठळक छापलेला प्रश्न आता पाच मिनिटांत. घाईने सांगतो.

एकमेकांना टाळणारे टोळ मुळात जवळ येतात ते नाइलाजाने. वाळवंटात चांगला पाऊस पडला की ओल्या वाळूत अंडी पडतात, हिरवळ वाढते, संख्या वाढते. मग जमीन सुकते आणि हिरवळ तुकड्यातुकड्यांत उरते. सगळे त्याच तुकड्यांवर येतात, मांड्या घासल्या जातात. तेवढीच हिरवळ सारखी पसरलेली असती तर तेवढ्याच टोळांचे बरेचसे एकांडेच राहिले असते. म्हणून धोका ओळखायला नुसता पाऊस मोजून भागत नाही, हिरवळ कशी विखुरलीय तेही पाहावं लागतं.

आणि मग ते एका दिशेने का चालतात? एक कारण भूक, पण शेजाऱ्याची. टोळ एकमेकांना खातात, त्यातून प्रथिनं मिळतात. मागून चावा येतो म्हणून पुढे सरकायचं, आणि पुढच्याला आपण चावायचं. पिल्लांच्या पोटाकडून संवेदना आणणारी चेता कापली, तेव्हा ती कमी चालली आणि जास्त खाल्ली गेली. मागचं दिसू नये अशी सोय केली तरी चाल मंदावली. थांबणाऱ्याला शेजारी खातो, म्हणून चालत राहणं परवडतं. एवढ्याने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. गर्दीत असल्याने एकेकट्याची शिकार होण्याची शक्यताही घटते.

उलटा प्रवासही होतो. नुकताच थवाळ झालेला टोळ एकटा ठेवला तर काही तासांत माघारी वळतो. जन्मापासून गर्दीत राहिलेला मात्र अर्धवटच वळतो, उरलेल्याला बराच जास्त वेळ लागतो. म्हणून पाहणी पथकं काळी पिल्लं जमिनीवर घोळक्याने दिसताहेत का ते शोधतात. तेव्हा ती उडू शकत नाहीत. पंख फुटल्यावर एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात, आणि फवारणीचं विमान त्यांच्या मागे धावत बसतं.

आता प्रश्न विचारा.