सरकारच्या जोडहप्त्याचा हिशेब

(घरकामगारांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, ‘प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन’ ही योजना 2019 साली सुरू झाली, आणि आपल्यापैकी अनेकांनी वस्तीतल्या बायकांची नोंदणी करून दिली आहे. तिचे नियम आपल्याला माहीत आहेत. वय 18 ते 40, महिन्याची कमाई 15,000 रुपयांपर्यंत, भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य कामगार विम्याचे सभासदत्व नाही, आणि आयकर भरत नसलेली व्यक्ती. आधार आणि बचत खात्याचे पासबुक घेऊन सेवा केंद्रात जायचे, पहिला हप्ता रोख भरायचा, पुढचे खात्यातून आपोआप कापले जातात. जितका हप्ता कामगाराचा, तितकाच केंद्र सरकार घालते, आणि साठाव्या वर्षापासून महिन्याला 3,000 रुपये पेन्शन मिळते. आज मला बोलायचे आहे ते एकाच प्रश्नावर: सरकार जो जोडहप्ता घालते, तो कामगाराचा केव्हा होतो?

तीस वर्षांची एक घरकामगार बाई डोळ्यांसमोर आणू. तिचा हप्ता 105 रुपये. साठीपर्यंत तीस वर्षे, म्हणजे 360 हप्ते. तिचे स्वतःचे 37,800 रुपये जातील आणि तेवढेच सरकारचे. पेन्शन सुरू झाल्यावर तेरा महिन्यांच्या आत तिने भरलेली रक्कम तिच्या हाती परत येते, पुढचे तहहयात. नुसती बेरीज पाहिली तर हा सौदा उत्तम आहे, आणि आपण तो असाच समजावून सांगतो.

पण हीच बाई नवव्या वर्षी थांबली तर? नवरा आजारी पडला, गावाकडे परतावे लागले, पैशांची गरज पडली. तोवर 108 हप्ते, म्हणजे 11,340 रुपये भरलेले असतात. दहा वर्षांच्या आत बाहेर पडणाऱ्याला स्वतःचा वाटा बचत खात्याच्या व्याजदराने परत मिळतो. सरकारचा वाटा मिळत नाही. दहा वर्षांनंतर बाहेर पडल्यास व्याजाचा हिशेब थोडा सुधारतो, कारण निधीने प्रत्यक्ष मिळवलेले व्याज किंवा बचत खात्याचे व्याज, यांतले जे जास्त असेल ते दिले जाते. पण सरकारचा वाटा तेव्हाही तिचा होत नाही. तो साठीपर्यंत टिकून राहणाऱ्यालाच, आणि तोही पेन्शनच्या रूपानेच मिळतो. म्हणून ‘सरकार तुमच्या खात्यात निम्मे पैसे टाकते’ हे आपले नेहमीचे वाक्य मला खटकते. ऐकणाऱ्या बाईला ती आपली शिल्लक वाटते, आणि ती तशी नाही.

आता वारसाचा प्रश्न. पेन्शन घेताना कामगाराचा मृत्यू झाला, तर जोडीदाराला निम्मी, म्हणजे 1,500 रुपये मिळतात. जोडीदारही गेल्यावर जमा रक्कम निधीत परत जाते. मुलांना काही मिळत नाही. आपल्याकडे नोंदणीला येणाऱ्यांत विधवा आणि परित्यक्ता किती असतात, हे मी आपल्याला सांगायला नको. साठी ओलांडून दोन वर्षांत वारलेल्या विधवेची तीस वर्षांची बचत तिच्या लेकीकडे जात नाही, ही गोष्ट अंगठा घेण्यापूर्वी तिला कळलीच पाहिजे.

तुलनेसाठी अटल पेन्शन योजना पाहा. तीस वर्षांच्या व्यक्तीला तिथे त्याच 3,000 रुपयांसाठी महिना 347 रुपये भरावे लागतात, तिपटीहून जास्त. पण तिथे दोघांच्या मृत्यूनंतर सुमारे 5 लाख 10 हजार रुपये वारसाला मिळतात. 105 रुपयांचा हप्ता स्वस्त आहे तो सरकारच्या वाट्यामुळे, तसाच मागे काही उरत नसल्यामुळेही. जिला मुले नाहीत किंवा 347 रुपये झेपतच नाहीत, तिला मी आजही श्रमयोगी मानधनच सुचवेन.

हप्ता चुकणे ही रोजची अडचण. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाकडून उचल एकदम मिळते, ती घरातली देणी फेडण्यात संपते आणि पुढे महिनोन्‌महिने खाते रिकामे राहते. थकलेले हप्ते दंडासह भरून खाते पुन्हा चालू करता येते. पण हप्ता थकला आहे हे आधी कळायला हवे. त्यासाठी पासबुकात दर महिन्याची 105 रुपयांची नोंद आहे का, हे दर तिमाहीला आपण स्वतः पाहावे. उचल हाती येईल त्याच दिवशी हंगामभराचे हप्ते खात्यात वेगळे ठेवायला सांगावे.

शेवटी महागाई. 3,000 हा आकडा ठरलेला आहे, तो वाढण्याची तरतूद योजनेत नाही. वर्षाला पाच टक्के महागाई धरली, तर तीस वर्षांनंतरच्या 3,000 रुपयांत आज साधारण 700 रुपयांत येते तेवढेच सामान येईल. या बाईला आज एका घरची धुणीभांडी करून मिळणाऱ्या पगाराशी ही रक्कम ताडून पाहा आणि तिलाही ताडून पाहू द्या. सरकारने पेन्शन महागाईशी जोडावी आणि दहा वर्षे भरणाऱ्याला जोडहप्त्याचा काही भाग तरी द्यावा, अशी मागणी आपण करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.