कुठं दुखते, बोटानं दाखव

मे महिन्यात नागपुरात खो-खोची प्रॅक्टिस साडेपाचलाच सुरू करावी लागते, नंतर मैदानात उभं राहवत नाही. रेशीमबागेकडच्या या मुलींच्या टीममधली सगळ्यात भारी रनर ऐन सीझनच्या तोंडावर ग्रुप सोडून गेली, ना फोन ना निरोप. सर म्हणाले, पोरीच्या डोक्यात हवा गेली.

खो-खोत रनर तीन-तीनच्या बॅचनं आत येतात, आणि ही पोरगी बाकीच्या दोघी आउट झाल्या तरी बसलेल्यांच्या मधून वळणं घेत एकटी टिकायची. प्रत्येक वळणाला सगळा भार एका पायावर, खाली वाळून कडक झालेली माती. नडगी दुखते म्हणून ती सांगत होती. सरांचं उत्तर ठरलेलं, "पळ, गरम झालं की मोकळं होते."

शेवटी सर तिच्या घरी गेले, समजवायलाच गेले होते खरं तर. चहा ठेवता ठेवता आई म्हणाली, "ते तुम्हाले सांगूनच राहिली होती सर. तुम्ही तिचं वाक्य पुरं होऊ देलं का कधी?"

एक्सरे नॉर्मल आला होता, पण सुरुवातीच्या आठवड्यांत असं बऱ्याचदा होतं, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर दिसलं. म्हणजे हाडाला बारीक चीर, रोजच्या त्याच त्या माऱ्यानं पडलेली. डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं, पाळीचंही विचारलं. पोरगी उपाशीपोटी प्रॅक्टिसला यायची आणि पाळी काही महिने बंद होती, आणि शरीराला खाणं पुरत नसेल तर हाडं अशी कमजोर होतात. हे ती सरांना कशी सांगणार होती? सांगायला जागाच नव्हती.

आता प्रॅक्टिसच्या आधी सर एकेकीला विचारतात, "कुठं दुखते? दाखव." आणि मग गप्प बसतात, जे त्यांना अजिबात जमत नाही, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहतात. पोरीनं सगळा तळवा नडगीवरून फिरवला तर बहुतेक वेळा ताण असतो, पळणं कमी केलं की उतरतो. एकाच जागी बोट ठेवलं, किंवा रात्री झोपेतही ठणकते म्हणाली, तर त्या दिवशी पळणं बंद, आधी डॉक्टर. बोटावरून शंका येते फक्त, निदान होत नाही, हे सर स्वतःच बजावतात. पाळीचं आणि खाण्याचं बोलायला टीमची एक जुनी सिनिअर ताई येते, सर तेव्हा मैदानाच्या पार त्या टोकाला.

ती पोरगी या सीझनला खेळणार नाही. पुढच्या वर्षीचं बघू म्हणते, सरांनी अजून विचारलेलं नाही. आणि मॅच सुरू झाली की सर बाहेरून आधीसारखेच बोंबलतात, ते काही गेलं नाही बाप्पा.