रुळांखालची मोरी: पाणी अडवतंय कोण, वरचं तोंड की खालचं?

नमस्कार मंडळी. पावसात नाला तुंबला की आपण लगेच म्हणतो, "मोरी लहान पडली." थांबा. आधी बघा, पाणी अडतंय कुठे.

मुंबईतल्यासारखी एक मोरी घेऊ, आकडे मी ठरवलेत. रुळांखालून जाणारी काँक्रीटची चौकोनी मोरी: 2 मीटर रुंद, 2 मीटर उंच, 30 मीटर लांब. तळाला एकूण 30 सेंटिमीटर उतार आहे, आणि खालचं तोंड खाडीच्या नाल्यात उघडतं. पाणी येतंय सेकंदाला 10 घनमीटर.

आता हिशोब दोनदा करायचा. पहिल्यांदा विचारायचं, एवढं पाणी वरच्या तोंडातून आत शिरायला नाल्यात, वरच्या तोंडाच्या तळापासून, किती उंची लागेल? कडा चौकोनी असतील, तर साधारण 2.2 मीटर. दुसऱ्यांदा विचारायचं, आत शिरलेलं पाणी घर्षण सोसून बाहेर पडायला किती उंची लागेल? ओहोटीला, खालचं तोंड मोकळं असताना, साधारण 1.9 मीटर. दोन्हींत जो आकडा मोठा, तोच खरा. म्हणजे ओहोटीला वरचं तोंड अडवतंय. यालाच इनलेट कंट्रोल म्हणतात. आत शिरलेलं पाणी वेगाने धावतं, मोरी पूर्ण भरत नाही.

आता भरती आली. खालच्या तोंडाशी पाणी तिथल्या तळापासून 2.8 मीटर चढलं, म्हणजे तोंड बुडालं. मोरी पूर्ण भरून वाहते. प्रवेश, घर्षण आणि बाहेर पडणं मिळून 0.56 मीटर उंची खर्ची पडते. 2.8 अधिक 0.56, वजा उताराचे 0.3, झाले जवळपास 3.06 मीटर. पहिला हिशोब तसाच 2.2 वर आहे. आता मालकी खालच्या तोंडाची, म्हणजे आउटलेट कंट्रोल.

इथेच पैसे चुकीच्या जागी जातात. वरच्या तोंडाच्या कडा नीट गोल केल्या, तर ओहोटीला थोडा फायदा होतो. भरतीलाही साधारण 10 सेंटिमीटरच वाचतात. शेजारी तशीच दुसरी मोरी टाका, पाणी निम्मं-निम्मं वाटलं जाईल, तरी नाल्यात 2.64 मीटर उभं राहतंच. कितीही मोऱ्या टाका, 2.5 मीटरच्या खाली ते उतरणारच नाही, कारण 2.8 वजा उताराचे 0.3, तेवढं खाडीचंच पाणी आहे. तिथे झडप लावून पंपानेच पाणी बाहेर फेकावं लागतं. मुंबईतली हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्हची पंपिंग स्टेशनं त्यासाठीच आहेत.

जागेवर ओळखायचं कसं? वरच्या बाजूच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी खडूने खूण करा आणि भरती चढेपर्यंत बघा. पावसाचा जोर तेवढाच असताना रेषा हलली नाही, तर दोष वरच्या तोंडाचा. खाडीबरोबर रेषाही चढत गेली, तर खालच्या तोंडाचा. मात्र वरच्या जाळीत प्लास्टिक अडकलेलं असेल तर आधी ते काढा, नाहीतर जाळीमुळे चढलेलं पाणी तोंडाच्या नावावर खपेल. आणि भरतीच्या वेळी त्या नाल्याच्या काठावर एकटं उभं राहू नका.