दुसऱ्याच्या नावाने काम: दर कुठे अडतो, विश्वास कुठे लागतो

परदेशी एजन्सीसाठी व्हाइट-लेबल काम करणारा वेबसाइट बनवतो, पण ग्राहकाला ती एजन्सीच्या नावाने मिळते. या व्यवस्थेत दराची वरची मर्यादा आपण ठरवत नाही, कारण पुष्कळदा आपल्याला विचारण्याआधीच एजन्सी ग्राहकाला आकडा सांगून मोकळी झालेली असते.

समजा, तो आकडा 100 आहे. त्यातले 20 काम मिळवण्यात आणि 15 ग्राहकाशी बोलणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजरवर खर्च होतात, 25 एजन्सी नफा म्हणून धरते आणि उरलेल्या 40 मध्ये आपल्याला बसावे लागते. आपण 60 मागितले, तर तिच्या हाती 5 उरतील; काम कितीही चोख असले तरी ती दुसरा माणूस शोधेल. म्हणून तासाच्या दरावर घासाघीस करण्यापेक्षा त्या 40 मध्ये नेमके काय येते, हे लिहून घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

आठ पाने आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरून आपण 80 तासांचा अंदाज बांधला, म्हणजे तासाला 0.5 पडले. पुढे ग्राहक तिसरी फेरी मागतो आणि संबंध बिघडू नयेत म्हणून मॅनेजर ती फुकट कबूल करतो. त्यात 20 तास गेले की आपला दर 0.4 वर येतो, एजन्सीचे 25 मात्र शाबूत राहतात. निरोपात ‘एवढी छोटीशी सुधारणा’ असे शब्द वारंवार येऊ लागले, की ही गळती सुरू झाली असे समजावे. तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे आणि शब्द देण्याआधी आपल्याला विचारायचे, ही दोन वाक्ये करारात हवीत. ‘ग्राहकाने पैसे दिल्यावर’ आपले बिल चुकते होईल, ही अट शक्यतो मान्य करू नये. ज्याला आपण फोनही करू शकत नाही, त्याच्या उधारीचा धोका ती आपल्या माथी मारते. बिलाला ठरलेली तारीख असावी.

विश्वासाची परीक्षा बारीकसारीक ठिकाणी होते. कोड ग्राहकाच्या हाती जाणार असेल, तर त्याआधी ही कमांड चालवून पाहावी:

```
git log --format='%an %ae'
```

इथे आपले नाव आणि ईमेल दिसले, तर गुपित तिथेच फुटले. कमिटवर कोणाचे नाव असावे, हे एजन्सीला पहिल्याच दिवशी विचारावे, कारण इतिहास नंतर बदलणे किचकट असते. दस्तऐवजांतील लेखकाचे नाव आणि चाचणीच्या साइटचा पत्ताही तपासावा.

एजन्सी आपल्याला ग्राहकाच्या सर्व्हरचे पासवर्ड देते आणि आपण तिला डावलून थेट त्याच्याकडे जाऊ, ही धास्ती तिला सतत असते. करारातले कलम परदेशात बसून अमलात आणणे महागात पडते, हे दोन्ही बाजू जाणतात. म्हणून एजन्सी आपल्या वागण्याकडे पाहते. ग्राहकाचे पत्र चुकून थेट आपल्याकडे आले, तर उत्तर न देता ते जसेच्या तसे मॅनेजरकडे पाठवावे. असे दोन-तीनदा घडले, की पुढच्या कामाचा आकडा सांगण्याआधी एजन्सी तासांचा अंदाज विचारू लागण्याची शक्यता वाढते, आणि 40 चे 45 झालेच तर ते याच टप्प्यावर होतात.