सरांना 'कुठं काम असेल तर सांगा' असा मेसेज टाकू नका

नमस्कार मंडळी. सात वर्षं बेळगावला उद्यमबागेत मेकॅनिकल डिझाइनला होतो, आता टिळकवाडीत घरी बसूनच फ्रीलान्स ड्रॉइंगची कामं करायलोय. सुरुवातीला कॉलेजच्या सरांना काय मेसेज टाकलेला ते वाचून दाखवतो, हसू नका हं. "सर, ओळखलंत का? फ्रीलान्सिंग सुरू केलंय, कुठं काम असेल तर सांगा." सरांनी अंगठा पाठवला, विषय संपला.

सर तरी काय करणार? कुणाला विचारायचं, काय म्हणून विचारायचं, सगळं मी त्यांच्याच डोक्यावर टाकलेलं.

मग लिंक्डइनवर बसून शोधलं तर सरांचेच एक जुने विद्यार्थी हुबळीला पंपाच्या कारखान्यात डिझाइन बघतात, आणि ड्रॉइंगची कामं बाहेर देतात असं त्यांच्या पोस्टवरनंच कळलं. आता एक माणूस ठरला. यावेळी दोन वेगळे मेसेज केले.

पहिला फक्त सरांसाठी. "सर नमस्कार, मी मेकॅनिकलचा, तुमच्याकडं इम्पेलरवर प्रोजेक्ट केलेला. हुबळीच्या साहेबांशी तुमचं बोलणं असेल तरच खालचा मेसेज त्यांना पाठवाल का? ते हो म्हणाले तरच माझा नंबर द्या. अवघड वाटत असेल तर राहू दे सर." हे शेवटचं वाक्य काढू नका बरं का, सर स्वतःचं नाव पणाला लावत असतात, नाही म्हणायला त्यांना वाट पाहिजे.

दुसरा मेसेज जसाच्या तसा फॉरवर्ड होणारा, आणि तो इंग्रजीत, कारण साहेब कन्नड, आपलं मराठी त्यांना कशाला. त्यात एवढंच: कास्टिंगच्या जुन्या कागदी ड्रॉइंगवरनं सॉलिडवर्क्समध्ये थ्रीडी मॉडेल आणि टॉलरन्ससकट टूडी ड्रॉइंग करून देतो, आठवड्याला पंधरा तास मोकळा आहे, एक नमुना जोडलाय, खाली नाव. रेट नाही, काम न बघता रेट काय सांगणार? आणि दोन्ही एकाच मेसेजमध्ये घातलं तर सरांना कापाकापी करत बसावं लागतं, नाहीतर "ओळखलंत का" पण हुबळीला पोचतं!

नमुना मात्र जपून. जुन्या कंपनीचं ड्रॉइंग पाठवायचं नाही, नाव खोडून पण नाही. ते कंपनीचं असतं, आणि बघणारा विचार करतो की हा उद्या माझं पण असंच दाखवत फिरणार. मी घरातल्या पाण्याच्या पंपाचं झाकण व्हर्नियर लावून मोजलं आणि त्याचंच केलं.

उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी एकदा आठवण, मग गप्प.

माझ्या वेळी साहेबांनी सांगितलं, मार्चनंतर बघू. ते मी त्याच दिवशी सरांना कळवलं, थँक्यू म्हटलं. पंधरा दिवसांनी सरांचाच फोन, "अरे, तुझा तो नमुन्याचा पीडीएफ मी मच्छे गावातल्या एकाला दाखवलाय, उद्या जाऊन भेट."