तीनास एक: पाटाचं पाणी आणि विहिरीचं मचूळ पाणी

(दृश्य: पहाट. द्राक्षबागेच्या कडेचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. दोरीला दगड बांधलेली बाटली हळूहळू पाण्यात उतरते.)

निवेदन:

बाटली तळाला टेकली की आबा दोरीला एक हिसका देतात. बूच निघतं, बुडबुडे वर येतात आणि तळाचं पाणी बाटलीत शिरतं. ती वर ओढून ते मगात ओततात. पुतण्या मगात पाण्याचा खारेपणा मोजणारा पेनासारखा ईसी मीटर बुडवतो.

"किती?"

"एक पूर्णांक सहा, आबा."

"आन् वरचं?"

"शून्य पूर्णांक सात."

तळं एकच, पाणीही रात्री एकाच बैठकीत भरलेलं. तरी वर गोडं आणि तळाशी खारट. ठिबकच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह मात्र तळाशीच बसलेला.

हा सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग, मिरज तालुका. म्हैसाळजवळ कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडलं जातं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढत इकडच्या द्राक्षबागांपर्यंत येतं. ते येतं आवर्तनाच्या हिशेबानं. आपली पाळी असेल तेव्हा घ्यायचं, पाळी सरली की संपलं. विहीर मात्र बाराही महिने दारात आहे, पण तिचं पाणी मचूळ. चहा केला तर दूध फाटतं, असं घरातल्या बायका सांगतात. चहाचं कारण वेगळंही असेल, पण मीटरही त्याच बाजूनं बोलतो. विहिरीचा ईसी २.८, पाटाच्या पाण्याचा ०.४. दोन्ही आकडे डेसिसायमन प्रति मीटरमध्ये.

(दृश्य: मीटरचा आकडा जवळून. मग द्राक्षाची कोवळी फूट.)

ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते याचं माप. क्षार जास्त तितकी वीज जास्त वाहते, म्हणून आकडा मोठा. द्राक्षाला किती चालतं? जागतिक अन्न व कृषी संघटनेचा तक्ता सांगतो की मुळांजवळची माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या, म्हणजे संपृक्त अर्काचा ईसी दीडपर्यंत असेल तर उत्पन्न घटत नाही. त्यापुढे दर एका अंकामागं साधारण साडेनऊ टक्के घट. माती दीडवर राखायची तर पाणी एकच्या आसपास हवं, कारण वेल पाणी पिते आणि क्षार मागं सोडते. म्हणून माती पाण्यापेक्षा साधारण दीडपट खारट होते. ही दीडपट धरताना पंधरा-वीस टक्के पाणी मुळांच्या खाली निचरून जातं असं गृहीत आहे. ही अट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच फिरणार आहे.

आबांची बाग डॉगरिज खुंटावर कलम केलेली आहे. हा खुंट क्षार जास्त सोसतो, त्यामुळे तक्त्याचा आकडा त्यांच्यासाठी थोडा कडकच पडतो. पण वेल जगणं वेगळं आणि मण्याला फुगवण येणं वेगळं. आबांनी पाण्याच्या ईसीचं लक्ष्य १ ठेवलंय.

आता पाटाचं पाणी पुरवायला त्यात विहिरीचं मिसळायचं किती? विहिरीच्या ईसीतून लक्ष्य वजा करा: २.८ मधून १, म्हणजे १.८. विहिरीच्या ईसीतून पाटाचा ईसी वजा करा: २.८ मधून ०.४, म्हणजे २.४. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. ०.७५. शंभरात पंचाहत्तर वाटे पाटाचं, पंचवीस विहिरीचं. तीनास एक.

(दृश्य: दोनशे लिटरचा पिंप, पाइपातून धो धो पाणी. पुतण्याच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच.)

तळ्यात एक लाख लिटर मिश्रण करायचं तर लिटर मोजणार कशानं? दोनशे लिटरच्या पिंपानं. विहिरीच्या मोटारीनं पिंप २५ सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला ८ लिटर. पाटाकडची मोटार २० सेकंदांत भरते, सेकंदाला १० लिटर. मग पाटाचं ७५ हजार लिटर पाणी घ्यायला दोन तास पाच मिनिटं, आणि विहिरीचं २५ हजार घ्यायला बावन्न मिनिटं. मोटारीच्या पेटीवर खडूनं तीनास एक आणि या दोन वेळा, एवढंच लिहिलंय. विहिरीची पातळी खाली गेली की मोटारीचा उपसा कमी होतो, म्हणून पिंपाची ही परीक्षा दर महिन्याला नव्यानं.

पेन विकत घेताना एक घोळ सर्रास होतो. बरेच पेन ईसी दाखवत नाहीत, पीपीएम दाखवतात. काही पेन ईसीला ५०० नं गुणून पीपीएम काढतात, तर तक्ते बहुतेक ६४० नं. २.८ चं पाणी ५०० वाल्या पेनावर १४०० दिसतं. त्याला ६४० नं भागलं तर उत्तर २.२ येतं आणि विहीर आहे त्यापेक्षा गोडी वाटते. याच पेनानं दोन्ही पाणी मोजून हिशेब केला, तर एकचं समजून केलेलं मिश्रण खरंतर १.३ च्या घरात निघतं. आबांचा पेन आधी असाच होता. आता ते मीटरवर ईसीचंच बटण दाबतात.

(दृश्य: बागेत दोन ओळींमधली माती. कडेनं पांढरट पापुद्रा.)

मिश्रण जमलं तर मग अडलं कुठं? मीठ तोलून बघू. ईसी १ चं पाणी म्हणजे लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. लाख लिटरला ६४ किलो. त्यातले ७५ हजार लिटर पाटाचे, पण त्यांच्याबरोबर येतात फक्त १९ किलो. उरलेले ४५ किलो आणतं विहिरीचं पाव हिश्श्याचं पाणी. खताच्या एका गोणीला जवळपास पोचणारा भार, आणि तो वेल खात नाही. पाणी पिऊन झालं की हे क्षार मुळांजवळच पडून राहतात. त्यांना खाली ढकलायला पुन्हा पाणीच लागतं.

दिलेल्या पाण्यातलं किती टक्के खाली निचरू द्यायचं, याचा ढोबळ हिशेब असा. माती दीडवर राखायची आहे. दीडला पाचानं गुणा, साडेसात. त्यातून पाण्याचा ईसी वजा करा आणि जे उरेल त्यानं पाण्याच्या ईसीला भागा. पाटाच्या नुसत्या पाण्यासाठी ०.४ भागिले ७.१, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या वर थोडं. मिश्रणासाठी १ भागिले ६.५, म्हणजे पंधरा टक्क्यांहून थोडं जास्त. ठिबकवर आकडे थोडे बदलतात, दिशा तीच राहते.

आता खरी तुलना. नुसतं पाटाचं ७५ हजार लिटर दिलं असतं तर निचरा वजा जाता वेलीला वापरता आलं असतं सुमारे ७१ हजार. मिश्रणाचं एक लाख दिलं तर वापरता येतं सुमारे ८५ हजार. विहिरीनं २५ हजार दिले, वेलीला पोचले १४ हजार. बाकीचे अकरा हजार विहिरीच्याच मिठाला खाली ढकलण्यात गेले.

"म्हंजे निम्मं पाणी मिठाचंच नोकर," असं आबा म्हणतात. थोडं वाढवून म्हणतात, पण फार नाही.

हाच हिशेब शेजारच्या रानातल्या विहिरीला लावा. तिचा ईसी ६. एकचं लक्ष्य गाठायला शंभरात ८९ वाटे पाटाचं पाणी लागतं, विहिरीचं फक्त ११. वापरता येणारं पाणी काढलं तर नुसत्या ८९ वाट्यांतून मिळतात ८४, आणि मिसळलेल्या शंभरातून साडेचौऱ्याऐंशी. अकरा वाटे उपसले, वीज जाळली, तळं अडवलं आणि हाती आला अर्धा वाटा. मीटर मात्र दोन्ही तळ्यांत एकच दाखवतो. नुसता मीटर बघून मिसळणाऱ्याला हे कळतच नाही. माझ्या मते अशी विहीर द्राक्षासाठी मिसळूच नये. मिसळल्यानं गोडं पाणी वाढत नाही, बिघडतं.

(दृश्य: आबा खोऱ्यानं ओळीतली माती उकरतात. खाली चिकट काळी माती.)

पंधरा टक्के पाणी खाली जायला खाली वाट हवी. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत, जिथं भूजल मुळांच्या जवळ चढलंय, तिथं ढकललेले क्षार केशाकर्षणानं पुन्हा वर येतात. तिथं चर काढून निचरा झाल्याशिवाय तीनास एकही चालणार नाही आणि पाचास एकही. ओळखायचं कसं? पाण्याची पाळी झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी ओल्या घेराच्या कडेला पांढरं फूल येतं. पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी होऊन करपतात, आणि तेही जुन्या पानांपासून. पान-देठ परीक्षणात सोडियम आणि क्लोराइड वर दिसू लागले की समजायचं, पानाला कळायच्या आत कागदाला कळलंय.

सोडियमची गोष्ट वेगळी आहे. ईसी क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. विहिरीच्या पाण्यात सोडियम जास्त असेल तर काळी माती मिटते, पाणी वर साचून राहतं. म्हणून वर्षातून एकदा प्रयोगशाळेचा अहवाल घ्यायचा आणि त्यात सोडियमचं शोषण गुणोत्तर आणि बायकार्बोनेट बघायचं. बायकार्बोनेट जास्त असेल तर ड्रिपरच्या तोंडावर पांढरी खपली धरते. ती नखानं निघते.

(दृश्य: रिमझिम पाऊस. ठिबक चालूच आहे.)

पाऊस पडत असताना ठिबक चालू दिसलं की लोक हसतात. ठिबकमुळे क्षार ओल्या घेराच्या कडेला गोळा झालेले असतात. हलका अवकाळी पाऊस आला की ते विरघळतात आणि घेराच्या आत, थेट मुळांकडे सरकतात. त्या वेळी ड्रिपरमधून पाणी सुटत राहिलं तर ते त्यांना बाहेरच रेटतं. मोठा पाऊस मात्र सगळंच खाली धुऊन नेतो, तेव्हा मोटार बंद.

(दृश्य: पुन्हा शेततळं. दोन पाइप एका मोठ्या पाइपाला जोडलेले.)

तळ्यातल्या दोन थरांवर उपाय साधाच निघाला. दोन्ही पाइप तळ्यात वेगवेगळ्या कोपऱ्यांत पडत होते. खारं पाणी जड, ते तळाशी सरकून बसत होतं. आता दोन्ही पाइप एका इंग्रजी टी आकाराच्या जोडात मिळतात आणि एकाच तोंडातून पाणी पडतं. विहिरीचा उपसा झडप लावून इतका कमी केलाय, की दोन्ही मोटारी एकत्र चालून एकत्रच थांबाव्यात. पडतानाच मिसळतं. तरीही शेवटचं माप तळ्यात होत नाही, बागेतल्या ठिबकच्या सगळ्यात लांबच्या लॅटरल नळीच्या टोकाला होतं, कारण वेलीला मिळतं ते तिथलं पाणी.

(दृश्य: मे महिना. विहिरीची पातळी खूप खाली गेलेली. पुतण्या मगात मीटर बुडवतो.)

"आबा, विहीर ३.४ दाखवतीय."

आबा बोटांवर हिशेब करतात. ३.४ मधून १, २.४. ३.४ मधून ०.४, तीन. दोन पूर्णांक चार भागिले तीन, शून्य पूर्णांक आठ.

ते मोटारीच्या पेटीकडे जातात, फडक्यानं तीन पुसतात आणि तिथं खडूनं चार लिहितात.